करुण, वीर की हास्य? रस ओळखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचवटीत संध्याकाळी मी मराठी व्याकरणाचा वर्ग घेतो. मुलं स्पर्धा परीक्षांची, काही शिक्षक पात्रता परीक्षेची, दोन-तीन पोलीसभरतीची. समास, प्रयोग, अलंकार हे सगळं पाठ करून जमतं. 'पुढील ओळींतील रस ओळखा' आलं की मात्र हुशार मुलंही अंदाजाने गोळी मारतात. वर्षभर फळ्याजवळ येऊन विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणाच्या ओळी मुद्दाम मीच रचल्या आहेत. पाठ झालेल्या कवितेची ओळ दिली की मुलं रस ओळखत नाहीत, उत्तर आठवतात.

रस ओळखायचा म्हणजे नेमकं काय ओळखायचं?

स्थायीभाव. म्हणजे ती ओळ वाचून झाल्यावर मनात जी एक भावना टिकून राहते ती. शोक टिकला तर करुण, उत्साह टिकला तर वीर, हसू टिकलं तर हास्य. राग असेल तर रौद्र, भीती असेल तर भयानक, किळस असेल तर बीभत्स, अचंबा असेल तर अद्भुत, प्रेम असेल तर शृंगार. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी हे ८ रस सांगितले. शांत हा नववा नंतर आला आणि 'नवरस' हा शब्द रूढ झाला.

यात एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. पात्राला काय वाटतं तेवढ्यावर रस ठरत नाही, वाचणाऱ्याच्या मनात काय उभं राहतं त्यावर ठरतो. बऱ्याचदा दोन्ही एकच असतं. जिथे नसतं तिथेच मार्क जातात.

ओळीत अश्रू, रडणं, हुंदका असला की करुण ना?

नाही. वर्गात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ही ओळ बघा:

*"तर्री झेपत नाही हे कबूल करायचं नव्हतं, म्हणून काकांनी घळाघळा वाहणारे डोळे पुसत तिसरा पाव मागवला. म्हणाले, 'काही नाही रे, गावची आठवण आली.'"*

डोळे घळाघळा वाहतायत, गावची आठवणही आहे. पण वाचताना तुम्हाला वाईट वाटलं का? हसू आलं. म्हणून हास्य.

शास्त्रात अश्रू हा 'सात्त्विक भाव' आहे. असे ८ सांगितलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उतरणं, अश्रू आणि प्रलय म्हणजे शुद्ध हरपणं. हे आठही कुणा एका रसाच्या मालकीचे नाहीत. घाम भीतीनेही फुटतो आणि रागानेही. अश्रू दुःखाने येतात, आनंदाने येतात आणि नाशिकच्या मिसळीनेही येतात. त्यामुळे अश्रू दिसले की एवढंच म्हणायचं, 'मनात काहीतरी जोरात हललंय.' काय हललंय ते ओळीत दुसरीकडे शोधायचं.

दुसरीकडे म्हणजे कुठे? पायरी-पायरीने सांगाल का?

भरतमुनींचं सूत्र आहे: 'विभावानुभावव्यभिचारिसंयोगाद्रसनिष्पत्तिः'. घाबरू नका, घरगुती भाषेत त्याचे चार प्रश्न होतात. कुणाबद्दल किंवा कशामुळे हे घडतंय? (आलंबन विभाव.) भोवतालचं काय त्यात भर घालतंय? (उद्दीपन विभाव.) पात्र हाताने, पायाने, चेहऱ्याने काय करतंय? (अनुभाव.) आणि मनात कोणत्या लहरी येऊन जातायत? (व्यभिचारी भाव. चिंता, आठवण, गर्व, लाज असे ३३ मोजलेत.) या चौघांची बेरीज ज्या एका भावनेकडे बोट दाखवते ती स्थायी.

कोरडं वाटतं, म्हणून मी वर्गात एकच प्रसंग तीन तऱ्हेने लिहून देतो. प्रसंग आपल्या ओळखीचा, गोदेचा पूर. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, रामकुंडाजवळ पात्रातच दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे आणि नाशिककर पूर त्या मूर्तीवर मोजतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी बातमी गावभर फिरते. किती क्युसेक सोडलं ते कुणी विचारत नाही.

पहिली तऱ्हा:

*"पाणी उतरलं तेव्हा घाटावर टपरी नव्हती. म्हातारा गाळात हात घालून बसला होता. हाताला तिचं एक जोडवं लागलं. त्याने ते धुतलं, पुसलं, पुन्हा पुसलं."*

दुसरी:

*"पाणी मारुतीच्या छातीला लागलं होतं. 'दोर माझ्या कमरेला बांधा,' तो म्हणाला. पलीकडच्या ओट्यावर अडकलेल्या पोरांकडे त्याने एकदा पाहिलं आणि पायरी सोडली."*

तिसरी:

*"पाणी मारुतीच्या कमरेला लागलं तरी तात्या टपरीतून हलेनात. 'उधारीची वही सापडल्याशिवाय येणार नाही!' शेवटी वही सापडली. सगळ्यात मोठी उधारी तात्यांचीच निघाली."*

आता चार प्रश्न लावू. पहिल्या ओळीत आलंबन कोण? गेलेली बायको. 'बायको गेली' असं कुठेही लिहिलेलं नाही, ते जोडव्याने सांगितलं. जोडवं सवाष्णीच्या पायातलं, ते गाळात सुटं सापडतं, म्हणजे ती नाही. उद्दीपन म्हणजे उतरलेलं पाणी, गाळ आणि टपरीची रिकामी जागा. अनुभाव म्हणजे धुणं, पुसणं, परत पुसणं. स्वच्छ झालेली वस्तू माणूस पुन्हा का पुसतो? सोडवत नाही म्हणून. व्यभिचारी भाव म्हणजे स्मृती आणि जडता. बेरीज शोक, रस करुण. या चारही वाक्यांत अश्रूचा थेंब नाही. मी मुलांना हे मुद्दाम मोजून दाखवतो.

दुसऱ्या ओळीत पूर तोच, उलट पाणी जास्तच. पण आलंबन म्हणजे पार पाडायचं काम: पलीकडची पोरं आणायची. छातीपर्यंतचं पाणी इथे उद्दीपन झालं, संकट जेवढं मोठं तेवढा उत्साह चढा. अनुभाव कमरेला दोर, एक नजर आणि पायरी सोडणं. व्यभिचारी धृती, म्हणजे मनाचा ठामपणा. रस वीर. ललकारी नाही, तलवार नाही, एकही जोडाक्षर दणदणीत नाही. तरी वीरच.

तिसऱ्यात आलंबन तात्या. जीव वाचवायचा सोडून वही शोधणं ही विसंगती आणि वहीत स्वतःचंच नाव निघणं ही तिच्यावरची कडी. पाणी इथे नुसती घाई निर्माण करतं, भीती नाही. भीती का नाही? कारण तात्या सुखरूप आहेत हे शेवटचं वाक्य गृहीत धरतं. समजा शेवटचं वाक्य असं केलं: 'वही तिसऱ्या दिवशी सापडली, तात्या नाही.' तर तेच तात्या, तीच हट्टी उधारी, आणि रस करुण. आधी आलेलं हसूसुद्धा मग टोचायला लागतं.

मग शेवटचंच वाक्य बघायचं का?

आधी बघायला हरकत नाही. छोट्या उताऱ्यात रस बहुतेक वेळा शेवटच्या शब्दांत ठरतो, कारण लिहिणारा तिथे आणून सोडणार असतो. पण पहिली वाक्यं गाळू नका. 'त्याने पायरी सोडली' एवढंच वाचलं तर तो पोहायला निघालाय की जीव द्यायला, हे कळणार नाही.

वाट बघणं, दुरावा, ताटातूट: करुण की शृंगार?

हा प्रश्न सिन्नरच्या एका मुलीने विचारला होता आणि तिचा गोंधळ रास्त होता. दोन्हीकडे माणूस जवळ नसतो, दोन्हीकडे जेवण जात नाही, झोप लागत नाही. अनुभाव जवळजवळ सारखेच. भरतमुनींनी फरक एका शब्दात सांगितलाय. विप्रलंभ शृंगार म्हणजे विरहाचा शृंगार हा 'सापेक्ष', करुण 'निरपेक्ष'. अपेक्षा शिल्लक आहे का, एवढंच विचारायचं. माणूस परत येण्याची आशा असेल तर विरह. ती संपली असेल तर करुण.

जात्यावरच्या ओवीच्या वळणाने दोन ओव्या घेऊ. पहिली:

*गेली गं बाई गाडी । घाट कसाऱ्याचा उतरून*
*'येईन दिवाळीला' । म्हणाला गं तो वळून*

आता दुसरी ओळ बदलतो:

*गेली गं बाई गाडी । घाट कसाऱ्याचा उतरून*
*ट्रंक तेवढी आली घरी । कुणी दिली गं पुसून*

पहिलीत दिवाळी आहे, म्हणजे तारीख आहे, म्हणजे आशा आहे. शृंगार, विप्रलंभ प्रकारचा. दुसरीत 'तेवढी' या एका शब्दाने आशा संपते. ट्रंक आली, माणूस नाही. करुण. पर्यायांत दोन्ही रस दिलेले असतील तर 'येईल', 'वाट', 'सांगावा', 'कधी', 'पुन्हा' असे आशेचे शब्द शोधा आणि मग ते खरे आहेत का तेही तपासा. मेलेल्या माणसाची वाट बघणारं पात्र असेल आणि तो मेलाय हे वाचकाला ठाऊक असेल, तर पात्राला आशा आहे पण आपल्याला नाही. तिथे करुण, आणि तोही जास्त खोल. रस वाचणाऱ्याच्या मनात असतो असं सुरुवातीला म्हटलं ते यासाठी.

वीर आणि रौद्र यांत नेहमी चुकतं. काही खूण?

दोन्हीकडे आवाज चढतो, मुठी वळतात, म्हणून चुकतं. वीराचा स्थायी उत्साह, रौद्राचा क्रोध. मी मुलांना विचारायला सांगतो: या माणसाला काम पुरं करायचंय की समोरच्याला संपवायचंय?

*"लिलावातला भाव ऐकला आणि त्याने ट्रॉलीचा फाळकाच पाडला. 'घ्या, फुकट घ्या! घाला घशात!' कांदा पायाने ढकलत तो ओरडत राहिला. ओठ दातांखाली, डोळे लाल."*

इथे स्वतःचाच माल तुडवला जातोय. त्यातून काही साधणार नाही हे त्यालाही ठाऊक आहे, पण भान सुटलंय. रौद्र. आता हे वाचा:

*"गारांनी उभी बाग नेली. त्याने लोळलेल्या तारा ताणून घेतल्या, मोडकी वेल बांधली आणि एप्रिलची छाटणी ठरल्या दिवशीच धरली."*

नुकसान त्याचंही झालंय, कदाचित जास्तच. पण मन थाऱ्यावर आहे आणि हात पुढच्या कामाला लागलेत. भरतमुनी वीराच्या कारणांत 'असंमोह' मोजतात, म्हणजे गोंधळून न जाणं. हीच खूण धरा. रौद्रात डोकं गरम, वीरात ताळ्यावर.

निफाडकडचा एक मुलगा यावर म्हणाला, "सर, छाटणीत कसला वीररस? हे तर आम्ही दरवर्षी करतो." वर्ग हसला, मीही हसलो. पण मुद्दा सोडायचा नव्हता. वीर म्हणजे फक्त लढाई नाही. परंपरेत युद्धवीर, दानवीर, धर्मवीर आणि दयावीर असे प्रकार सांगतात. कफल्लक माणूस शेवटची भाकरी दुसऱ्याला देतो तिथेही वीर असू शकतो, देण्याचा उत्साह हा स्थायी असेल तर. छाटणीचं उदाहरण या चौकटींपैकी कुठल्याच खणात नीट बसत नाही, हे खरं. मी ते वीरात धरतो कारण टिकणारी भावना उत्साहाचीच आहे. पेपर काढणारे मात्र असली ओळ सहसा देत नाहीत, ते गड-किल्ल्यांवरच राहतात.

भाषा जोरदार, शब्द कडक असतील तर वीर धरावा का?

धरू नका. ट, ठ, ड, ढ, जोडाक्षरं, लांब समास यांनी ओळीला जो ताठा येतो तो 'ओज' नावाचा काव्यगुण. ओज वीराला शोभतो, पण रौद्राला आणि बीभत्सालाही चालतो. आणि विनोदी लिहिणारे तो हमखास चोरतात:

*सरसावुनी बाह्या, उपसून लाटणे,*
*शिरली रणी ती गर्जत 'या रे या!'*
*मिशीचे एक झुरळ येता सामोरी*
*खुर्चीवरी चढली: 'अहो, या या!'*

पहिल्या दोन ओळींवर थांबलात तर वीर. 'लाटणे' ऐकून कान टवकारले असतील तर तुमचा कान चांगला आहे. मोठी भाषा आणि क्षुल्लक प्रसंग यांची जोडी लागली की हास्य. याउलट साधी, घरगुती भाषा आणि मोठा प्रसंग अशी जोडी असेल तर वर पाहिलेला कमरेचा दोर आठवा.

पात्र हसत असेल तर हास्यरस?

बहुधा नसतो. खदखदून हसणारा राक्षस भयानक किंवा रौद्र उभा करतो. हास्यातलं पात्र उलट फार गंभीर असतं. तात्यांना त्यांची वही अजिबात विनोदी वाटत नव्हती. काकांना तर्री विनोदी वाटत नव्हती. पात्राचा वेश, बोलणं, वागणं आणि प्रसंग यांत मेळ नसतो आणि तो नाही हे फक्त आपल्याला दिसतं. स्मितापासून अतिहसितापर्यंत हसण्याचे ६ प्रकार शास्त्रात आहेत, पण रस ओळखायला त्यांची गरज पडत नाही.

मात्र एक तपासा: ज्याच्यावर हसतोय त्याला खरी इजा होतेय का? म्हातारा केळीच्या सालीवरून घसरला आणि धोतर सावरत सालीलाच रागवला, तर हास्य. घसरला आणि उठलाच नाही, तर नाही. हसू इजेपर्यंत पोचलं की ते करुणाच्या हद्दीत जातं.

उपरोधाच्या ओळीत रस कुठला? राग तर असतो ना?

असतो, पण झाकलेला. *"रस्त्याचं उद्घाटन थाटात झालं. आता रस्ता तेवढा व्हायचा राहिलाय."* लिहिणारा चिडलाय हे कळतं, पण आपल्यापर्यंत पोचतं ते हसू. उत्तर हास्य. झाकण उडून शिव्याच बाहेर आल्या तर रौद्र.

एकाच ओळीत दोन रस दिसले तर कोणता लिहू?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आणि याला एका वाक्यात उत्तर नाही. वर्गात एकदा मी ही ओळ दिली. देवळाली कॅम्प जवळच असल्यामुळे आमच्याकडे फौजी घरातली मुलं असतात, त्यांना ती लगेच भिडते:

*"घडी घातलेला तिरंगा तिच्या हातात दिला. ती रडली नाही. धाकट्याला पुढे करून साहेबांना म्हणाली, 'याची उंची पुढच्या वर्षी भरेल.'"*

अर्धा वर्ग करुण म्हणाला, अर्धा वीर. करुणवाल्यांचं म्हणणं असं की मुलगा गेला, तिरंगा हातात आला, आशा संपली, निरपेक्ष स्थिती आहे. 'रडली नाही' हे वाचूनच रडू येतं. वीरवाले म्हणाले, शेवटचं वाक्य बघा, ती पुढच्या कामाकडे वळली, दुसरा मुलगा द्यायला तयार आहे, भान सुटलेलं नाही, हा उत्साह.

शास्त्र इथे 'अंगी' आणि 'अंग' असा भेद करतं. अंगी म्हणजे मुख्य रस, अंग म्हणजे त्याला हातभार लावणारा. ठरवायचं असं, की एक काढून दुसरा टिकतो का ते बघायचं. शेवटचं वाक्य काढा: तिरंगा, न रडणारी आई. करुण एकटा उभा राहतो. आता पहिलं वाक्य काढा: एक बाई साहेबांना सांगतेय की धाकट्याची उंची पुढच्या वर्षी भरेल. वीर उरतच नाही, नुसती भरतीची चौकशी उरते. म्हणजे वीर शोकावर उभा आहे, शोकाशिवाय त्याला उंची नाही. तरीही तो शोकाला मागे टाकून पुढे जातो. ओळीची चाल करुणाकडून वीराकडे आहे, उलट नाही. म्हणून मी वीर अंगी आणि करुण अंग मानतो. परीक्षेतही वीरच लिहा.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हेच वाक्य थोडं हलवलं की निकाल फिरतो. 'याची उंची पुढच्या वर्षी भरेल' म्हणताना तिचा हात तिरंग्याची घडी सोडत नव्हता, एवढं जोडलं तर मी करुणाकडे जाईन. आईचा निर्धार खरा, पण घडी न सोडणारा हात शेवटी आपल्या डोळ्यांसमोर राहतो. त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी शेवटपर्यंत 'करुण' म्हणत राहिली. तिच्या घरी अशी घडी आहे हे मला नंतर कळलं. तिचं उत्तर चूक होतं असं मी फळ्यावर लिहिलं नाही.

'शोक', 'उत्साह', 'हास्य' हे शब्दच ओळीत आले तर काम सोपं ना?

तिथे जास्त सावध राहा. 'त्याला फार शोक झाला' या वाक्याने कुणाला शोक होतो? भावनेचं नाव घेऊन ती पोचवू पाहणं हा काव्यशास्त्रात दोष मानलाय, 'स्वशब्दवाच्यत्व'. मम्मटाने काव्यप्रकाशात तो रसदोषांमध्ये घातलाय. चांगल्या ओळीत भावनेचं नाव नसतं, जोडवं असतं.

भक्ती आणि वात्सल्य हे रस की नाहीत?

जुन्या मताने देवाबद्दलची किंवा लेकराबद्दलची रती हा 'भाव', पूर्ण रस नव्हे. नंतर विश्वनाथाने साहित्यदर्पणात वत्सल रस मानला आणि वैष्णव आचार्यांनी भक्तीला रसाचा दर्जा दिला. त्यामुळे ११ रस मोजणारेही भेटतात. परीक्षेत पर्यायांमध्ये 'वत्सल' किंवा 'भक्ती' छापलेलं असेल तर पेपर काढणारा त्यांना मानतो, बिनधास्त निवडा. छापलेलं नसेल आणि ओळ अभंगाच्या वळणाची असेल तर बहुधा 'शांत' अपेक्षित असतो.

करुण की करूण? बिभत्स की बीभत्स?

करुण, रु ऱ्हस्व. बीभत्स, बी दीर्घ. वर्णनात्मक उत्तरात हे चुकलं तर तपासणाऱ्याचा हात आखडतो, मी स्वतः पेपर तपासतो म्हणून सांगतो.

सरावाला चार ओळी द्याल का?

देतो. उत्तर वाचण्याआधी स्वतः ठरवा.

*"बुधवारच्या बाजारात आजीने भाजीवाल्याशी अर्धा तास घासाघीस करून दोन रुपये वाचवले आणि परतीच्या रिक्षाला चाळीस दिले."* हास्य. विसंगती आकड्यांत आहे, आजी पूर्ण गंभीर आहे.

*"शाळेचा डबा अजून पिशवीतच होता. तिने तो उघडला, पोळीला वास आला होता. तिने तो तसाच झाकून फळीवर ठेवला."* करुण. वास आलेला डबा म्हणजे दिवस लोटलेत, आणि वास येऊनही तो घासला जात नाही. काही मुलं 'वास' बघून बीभत्स लिहितात. किळस टिकते का ते बघा. टिकत नाही.

*"'कर्ज माझं आहे, पळून जाणार नाही,' तो सावकाराला म्हणाला. 'पण बैल सोडून नेलेस तर फेडू कशाने? बैल राहू दे. सुगीला मीच येईन तुझ्या दारात.'"* वीर. आवाज चढलेला नाही, समोरच्याला संपवायचंही नाही. पेपरमध्ये ही ओळ आली तर निम्मे जण करुण लिहितील, 'कर्ज' वाचून.

*"घाटावर दशक्रियेला बसलेल्या मुलाने गुरुजींना हळूच विचारलं, 'कावळा शिवला की बाबांना कळेल का?' गुरुजी म्हणाले, 'कळेल.' मुलगा म्हणाला, 'मग त्याला सांगा, माझं दप्तर मिळालं.'"*

ही ओळ मी दरवर्षी देतो. पहिल्यांदा ऐकून दोन-तीन जण हसतात आणि मग वर्ग एकदम गप्प होतो. उत्तर करुण. हसलेल्यांना मी रागवत नाही, कारण ओठावर आलेलं ते हसू अर्ध्यात थांबतं ना, ते का थांबलं एवढंच त्यांना चार ओळींत लिहून आणायला सांगतो.